डाग एकीकडे, वास दुसरीकडे

सांगली जिल्ह्यातील एका गावात, पेठेतल्या जुन्या किराणा दुकानात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा आजही सकाळी दहाला गल्ल्यावर बसतात आणि संध्याकाळी पाचला घरी परततात. गाळून उकळलेले पाणीच ते पितात, तेही सूर्यास्तापर्यंत. त्यामुळे दिवसभराचे त्यांचे बहुतेक पाणी दुकानातच पोटात जायला हवे. त्यासाठी घरातून एक लिटरचा स्टीलचा थर्मास भरून दिला जाई. थर्मास एकच होता. सकाळी सात वाजता त्याच थर्मासमधून मुलगा शेतावर चहा नेई. साडेनऊला तो परत आला की थर्मास विसळला जाई आणि दहा वाजता त्यातच अण्णांचे पाणी भरले जाई.

चैत्र संपता संपता सुनेच्या लक्षात आले की थर्मास अर्धा भरलेलाच परत येतो. तिने विचारले, “अण्णा, पाणी तसंच परत आलंय. आवडत नाही का?” अण्णा म्हणाले, “पाण्याला चव नाही, पोरी.” म्हाताऱ्या माणसाची तक्रार म्हणून घराने ते सोडून दिले. पुढे एका दुपारी दुकानात अण्णांना भोवळ आली. डॉक्टरांनी तपासून सांगितले की शरीरात पाणी कमी पडले आहे. उतारवयात तहान फारशी जाणवत नाही, म्हणून घशाने मागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे, असेही त्यांनी बजावले. त्या संध्याकाळी सुनेने थर्मासमधले उरलेले पाणी फुलपात्रात ओतले आणि घोटभर पिऊन पाहिले. पाण्याला शिळ्या चहाचा आंबूस वास येत होता.

थर्मास रोज धुतला जात होता, यात खोटे काही नव्हते. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, थोडे पाणी, झाकण लावून दहा-बारा वेळा हलवणे आणि दोनदा विसळणे, असा नेम होता. परंतु या थर्मासचे तोंड जेमतेम साडेचार सेंटिमीटर रुंद. त्यात हात जात नाही, साधा घासणीचा चोथा आत गेला तरी दाब देता येत नाही. तोंडाखाली भांडे जिथे एकदम रुंद होते, त्या खांद्याच्या आतल्या बाजूला तर काहीच पोहोचत नाही. सुनेने मोबाइलचा दिवा आत धरला. तळ आणि भिंती तपकिरी झाल्या होत्या, आणि खांद्याच्या आत जवळजवळ काळे वर्तुळ दिसत होते.

तपकिरी थर कशाचा असतो

चहाचा डाग म्हणजे नुसता रंग नव्हे. चहात जे तुरट घटक असतात, ते हवेतील प्राणवायूशी आणि पाण्यातील चुनखडीच्या क्षारांशी मिळून एक पातळ पापुद्रा तयार करतात. चहाचा कप थोडा वेळ ठेवला की पृष्ठभागावर जी तेलकट वाटणारी साय दिसते, ती तीच. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील मायकेल स्पायरो आणि डिओग्रेशियस जगान्यी या रसायनशास्त्रज्ञांनी 1993 साली या पापुद्र्याविषयीचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट हे क्षार असले तरच हा पापुद्रा धरतो, शुद्ध पाण्यातल्या चहावर तो येत नाही, असे त्यांना आढळले. बोअरवेलच्या जड पाण्यावर चहा करणाऱ्या घरांत कप, गाळणे आणि थर्मास लवकर काळवंडतात, त्याचे कारण हेच.

आपल्या चहात दूधही असते. दुधातील स्निग्धांश आणि प्रथिने या पापुद्र्यावर बसतात, त्यावर दुसऱ्या दिवशीचा पापुद्रा चढतो, आणि असे थरावर थर जमत जातात. म्हणून थर काढताना क्रम महत्त्वाचा ठरतो. वरचा तेलकटपणा साबणाने जातो. तपकिरी थर सोड्याने सुटतो. तळाशी पांढुरका, खरखरीत क्षार असेल तर तो केवळ आंबट पदार्थाने विरघळतो. क्षारावर तपकिरी थर असताना आधी आंबट पदार्थ घातला तर तो खालपर्यंत पोहोचत नाही, आणि मेहनत फुकट जाते.

सोड्याचे काम

सुनेने त्या रात्री केलेली कृती अशी होती. आधी कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून थर्मास हलवून घेतला व स्वच्छ विसळला. मग त्यात खाण्याचा सोडा सपाट तीन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम, घातला आणि वर उकळते पाणी हळूहळू ओतले. पाणी अगदी काठापर्यंत भरले. येथेच बहुतेकांची चूक होते. अर्धा थर्मास भरून हलवला तर तळ उजळतो, पण खांद्याच्या आतला काळा पट्टा तसाच राहतो, कारण पाणी तिथे टिकून राहतच नाही. डाग सोड्याच्या पाण्यात सतत बुडालेला असला पाहिजे.

झाकण मात्र लावायचे नाही. खाण्याचा सोडा गरम पाण्यात पडला की त्यातून हळूहळू वायू सुटतो, आणि मागे राहतो तो अधिक तिखट सोडा, जो धुण्याच्या सोड्याच्याच जातीचा असतो. डाग सुटतो तो मुख्यतः त्यामुळे, म्हणून पाणी उकळतेच हवे. परंतु झाकण आवळून बंद केले तर वायू आणि वाफ आत कोंडतात, आणि उघडताना गरम पाणी अंगावर उडते. म्हणून तोंडावर एक वाटी उपडी ठेवावी. ऊब धरून राहते आणि वायूला वाटही मिळते. थर्मास मोरीत किंवा परातीत उभा करून रात्रभर तसाच ठेवावा.

सकाळी पाणी कडक चहासारखे तपकिरी झाले होते. सुनेने तीन हिस्से पाणी ओतून टाकले आणि एक हिस्सा आत ठेवला. त्यात तांदळाची कणी दोन मोठे चमचे घातली. पाणी आता थंड झाले होते, म्हणून झाकण लावायला हरकत नव्हती. थर्मास आडवा धरून, मग उलटा धरून, गोल गोल फिरवत दोन मिनिटे हलवला. या कामी पाणी कमीच हवे. भरलेल्या थर्मासमध्ये दाणे तरंगत फिरतात, भिंतीवर घासत नाहीत. अखंड तांदळापेक्षा कणी बरी, कारण तिला कोपरे असतात. तांदूळ स्टीलपेक्षा पुष्कळ मऊ असल्याने ओरखडा पडत नाही. वाळू, खडे किंवा जाडे मीठ यांचा तो भरवसा नाही. कणी ओतताना खाली गाळणे धरावे, नाहीतर मोरीची जाळी तुंबते. सोडा लागलेली ही कणी पाखरांना घालू नये.

खांद्याच्या आत थोडा पट्टा उरला होता. त्यासाठी बाटली घासायचा लांब दांड्याचा ब्रश उपयोगी पडला. असा ब्रश घेताना त्याच्या टोकालाही केस आहेत ना, हे पाहून घ्यावे. टोकाला तार उघडी असेल तर ती तळाला खरवडते. ब्रशचा दांडा मानेपासून थोडा वाकवला की केस खांद्याच्या आतल्या वळणावर टेकतात, सरळ दांड्याने ते कधीच टेकत नाहीत. ब्रश नसेल तर जुन्या सुती कापडाची लांब पट्टी आत सोडून एक टोक बाहेर हातात धरावे, थोडे पाणी घालून हलवावे आणि मग पट्टी ओढून घ्यावी. सुटा बोळा आत टाकला तर भिजून फुगतो आणि अरुंद तोंडातून बाहेर निघत नाही.

उरलेला क्षार

दिवा पुन्हा आत धरला तेव्हा भिंती चकाकत होत्या, पण तळाशी राखाडी खरखर होती. लाकडी उलथन्याचा दांडा फिरवून पाहिला तर ती हाताला जाणवत होती. हा चहाचा नव्हे, पाण्याचा थर होता. जड पाणी उकळले की त्यातील चुनखडी भांड्याच्या अंगाला बसते, आणि रोज उकळलेल्या पाण्याने भरल्या जाणाऱ्या थर्मासमध्येही गढूळलेला हा अंश तळाशी साचतो. सोड्याने तो हलत नाही.

येथे लिंबाचे फूल, म्हणजे लिंबूसत्त्व, कामी येते. एक लिटर गरम पाण्यात दोन चहाचे चमचे लिंबाचे फूल विरघळवून थर्मास भरावा आणि अर्धा ते एक तास ठेवावा. बारीक बुडबुडे येऊ लागले की क्षार विरघळत आहे असे समजावे, आणि झाकण उघडेच ठेवावे. बुडबुडे थांबले, हाताला खरखर लागेनाशी झाली, की काम झाले. मग तीनदा विसळावे. तळाशी लालसर गंजासारखे ठिपके दिसत असतील तर त्यांवरही हाच उपाय करून पाहावा. बहुधा ते थर्मास गंजल्याचे नसून पाण्यातील लोहाचे असतात आणि लिंबाच्या फुलाने निघून जातात. लिंबाच्या फुलानेही न जाणारा, बोट घातल्यास खड्डा लागेल असा ठिपका मात्र खऱ्या गंजाचा असतो. असा थर्मास पिण्यासाठी वापरणे थांबवावे.

सोडा आणि लिंबाचे फूल एकाच वेळी घालण्याची पद्धत बरीच रूढ आहे. फसफस उठते आणि काहीतरी जोरदार घडत आहे असे वाटते. वास्तविक दोघेही एकमेकांचा जोर मारून टाकतात. फेस ओसरल्यावर मागे उरते ते जवळजवळ निरुपयोगी खारट पाणी. बंद बाटलीत हे मिश्रण केले तर वायूच्या दाबाने झाकण उडते. दोन्ही वापरायचे तर एकामागून एक, आणि मध्ये स्वच्छ विसळून.

पांढरे कपडे धुण्याचे ब्लीच स्टीलच्या थर्मासमध्ये घालणे हा दुसरा चुकीचा उपाय. त्याने डाग लगेच फिका पडतो, परंतु त्यातील क्लोरीन स्टीलला बारीक छिद्रे पाडतो, आणि पुढे त्याच छिद्रांत चहा मुरतो. ब्लीच आणि लिंबाचे फूल किंवा व्हिनेगर एकत्र आले तर विषारी वायू सुटतो, म्हणून तो मार्ग घरात नकोच.

चकाकी आली, तरी पाणी परत आले

दुसऱ्या दिवशी सुनेने समाधानाने थर्मास भरून दिला. आत आरशासारखे स्टील, एकही डाग नाही. संध्याकाळी अण्णांनी तो परत आणला तेव्हा त्यात अर्ध्याहून अधिक पाणी होते. अण्णा काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत याचेच सुनेला वाईट वाटले.

या घरची चूक पुष्कळ घरांत होते. डाग आणि वास यांना एकच समजले जाते. डाग दिसतो, म्हणून तो काढला की वास जाईल असे वाटते. वस्तुतः गुळगुळीत स्टील स्वतः वास फारसा धरून ठेवत नाही. वास बसतो तो मऊ आणि सच्छिद्र भागांत, म्हणजे झाकणाच्या रबरी किंवा सिलिकॉनच्या रिंगमध्ये, प्लास्टिकच्या बुचात आणि त्या दोघांमधल्या खाचेत. थर्मास उलटा-सुलटा होतो तेव्हा दुधाचा चहा रिंगच्या मागे शिरतो. वरून धुतलेले पाणी तिथे जात नाही. कोंडलेले दूध, ओल आणि ऊब एकत्र आली की जिवाणू वाढतात, दूध आंबते, आणि बुळबुळीत थर धरतो. थर्मासमध्ये भरलेले गरम पाणी दिवसभर या झाकणाला खालून वाफ देत राहते. वास पाण्यात उतरतो तो असा.

वास नेमका कोठे आहे, हे ओळखण्याची सोपी परीक्षा आहे. थर्मासमध्ये गरम पाणी भरावे आणि त्याचे झाकण न लावता वर स्टीलची वाटी ठेवावी. झाकण वेगळ्या स्वच्छ स्टीलच्या डब्यात ठेवून त्यावर गरम पाणी ओतावे आणि तोही डबा झाकावा. वीस मिनिटांनी दोन्ही उघडून वास घ्यावा. वास घेणारी व्यक्ती रोज थर्मास धुणारी नसावी, कारण तिच्या नाकाला त्या वासाची सवय झालेली असते. या घरात हे काम बारा वर्षांच्या नातीने केले. थर्मासच्या पाण्याला तिला काहीच वास आला नाही. डब्यातल्या झाकणाच्या पाण्यावर वाकताच तिने नाक धरले आणि म्हणाली, “आई, हे तर फाटलेल्या दुधासारखं आहे!”

झाकणाची स्वच्छता

त्या थर्मासच्या झाकणात दोन रिंगा होत्या. एक बाहेरची, डोळ्यांना दिसणारी. दुसरी बुचाच्या खालच्या अंगाला, खाचेत बसलेली, जी निघते हेच इतकी वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. रिंग काढायला सुरी वापरू नये, तिने रिंग चिरते आणि मग थर्मास गळतो. दात कोरायची लाकडी काडी किंवा चमच्याचा बोथट दांडा एका जागी घालून रिंग किंचित उचलावी, मग ती बोटाने निघते. काढण्यापूर्वी तिची कोणती बाजू वर होती हे पाहून ठेवावे. उलटी बसवली तर झाकण घट्ट बसत नाही.

दुसरी रिंग निघाली तेव्हा तिच्या मागे पिवळट, चिकट थर होता. रिंगा आणि बूच पेलाभर गरम पाण्यात एक चमचा खाण्याचा सोडा घालून तासभर बुडवून ठेवले. नंतर मऊ केसांच्या जुन्या दातांच्या ब्रशने खाच घासली, साबणाने धुतली आणि वाहत्या पाण्याखाली खूप वेळ विसळली. साबणाचा सुगंधही रिंगमध्ये मुरतो, म्हणून येथे साबण थोडाच घ्यावा आणि सुवासिक साबण टाळावा. ज्या झाकणात दाबायचे बटण असते, त्याच्या आत चहा जाण्याची पोकळ नळी असते. अशा वेळी बटण दाबून धरून नळीतून सोड्याचे गरम पाणी दोन्ही बाजूंनी जाऊ द्यावे. झाकण धुतल्यावर कानाशी धरून हलवावे. आत पाणी खळखळत असेल तर ते पोकळीत अडकले आहे, आणि ते पूर्ण निथळेपर्यंत झाकण वापरू नये.

एवढे करूनही रिंगवर काळे ठिपके राहिले, किंवा ती हाताला चिकट वाटू लागली, तर ती आणखी घासण्यात अर्थ नाही. ठिपके वरवर नसून आत गेलेले असतात. भांड्यांच्या दुकानात थर्मास दाखवला तर त्या मापाची रिंग पुष्कळदा सुटी मिळते. या घरात बाहेरची रिंग स्वच्छ झाली, आतली मात्र बदलावी लागली.

वाळवणे

स्वच्छ केलेला थर्मास ओला असतानाच झाकण लावून फडताळात ठेवला तर आठवड्याभरात वास परत येतो. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते. बाहेरची ऊब आत जात नाही, त्यामुळे तो उन्हात ठेवला तरी आतून साध्या भांड्यासारखा लवकर वाळत नाही. याला एक साधी युक्ती आहे. शेवटच्या विसळणीला पेलाभर उकळते पाणी आत घालून फिरवावे आणि लगेच ओतून टाकावे. आतली भिंत तापते, आणि ती ऊबही बाहेर जात नसल्याने उरलेली ओल तीच वाळवते. मग थर्मास ओट्यावर पालथा घालू नये, कारण तोंड ओट्याला चिकटले की हवा आत जात नाही. त्याखाली दोन चमचे आडवे ठेवून किंवा भांड्यांच्या जाळीवर तिरका टेकवून रात्रभर ठेवावा. झाकण आणि रिंगा शेजारी सुट्या वाळत ठेवाव्यात. थर्मास काही दिवस वापरायचा नसेल तर झाकण न लावताच, तोंडावर पातळ कापड बांधून ठेवावा.

धुताना पूर्ण थर्मास पाण्यात बुडवून ठेवणेही टाळावे. बुडाच्या सांध्यातून पाणी बाहेरच्या कवचात शिरले तर ते निघत नाही, आणि तिथूनही वास येऊ लागतो.

इतर बाटल्यांचे काय

ही कृती स्टीलच्या थर्मासची आहे. जुन्या काचेच्या थर्मासला ती जशीच्या तशी लागू करू नये. त्याची आतली काच अंड्याच्या कवचासारखी पातळ असते. थंड थर्मासमध्ये एकदम उकळते पाणी ओतल्यास ती तडकते, म्हणून आधी कोमट पाण्याने ऊब द्यावी. सोड्याचे व लिंबाच्या फुलाचे पाणी चालते, पण कणी घालून जोरात हलवणे आणि तारेचा ब्रश दोन्ही नको. कापडाची पट्टीच बरी.

प्लास्टिकच्या बाटलीत उकळते पाणी घातले की ती वाकते. तिला कोमट पाणी आणि सोडाच योग्य. प्लास्टिक वास आत शोषून घेते, म्हणून दोनदा सोडा वापरूनही वास राहिला तर ती पिण्याच्या कामातून काढावी. तांब्याच्या बाटलीत चहा मुळातच भरू नये. तिच्या आतला काळेपणा वेगळ्या प्रकारचा असतो, आणि त्याला लिंबू किंवा चिंचेचे पाणी लावून लगेच पूर्ण विसळणे हाच उपाय आहे.

पुढचा नेम

नवी रिंग बसवल्यावर सुनेने तीच परीक्षा पुन्हा घेतली. नातीने दोन्ही पाण्यांचा वास घेतला आणि दोन्हींना वास नसल्याचे सांगितले. मगच थर्मास भरला गेला. त्या संध्याकाळी तो रिकामा परत आला. अण्णांनी तो ओट्यावर ठेवला आणि सुनेला म्हणाले, “उद्या थोडं जास्त पाणी भर. चारलाच संपलं.”

घराने त्यानंतर दोन गोष्टी ठरवल्या. चहासाठी दुसरा, रुंद तोंडाचा थर्मास आणला, ज्यात हात जातो. अण्णांच्या थर्मासमध्ये आता पाण्याखेरीज काहीच जात नाही. एकाच भांड्यात सकाळी दूध-चहा आणि दुपारी पाणी ठेवायचे तर रोज रिंग काढून धुवावी लागेल, आणि घाईच्या घरात ते होत नाही, हे सुनेने ओळखले होते.

चहाचा थर्मास शेतावरून आला की तो लगेच साध्या पाण्याने विसळून उघडा ठेवला जातो, मग सवड मिळेल तेव्हा साबण लागतो. ताजा पापुद्रा नुसत्या पाण्याने जातो, वाळलेला मात्र रात्रभराचा सोडा मागतो. आठवड्यातून एकदा, रविवारी, दोन्ही थर्मासच्या रिंगा काढून धुतल्या जातात. महिन्यातून एकदा मोबाइलचा दिवा आत धरून पाहिले जाते. तपकिरी छटा दिसली तर सोडा, खरखर लागली तर लिंबाचे फूल, आणि वास आला तर आधी झाकण.